"नाही हे ठरवता येत नाही" म्हणजे "आहे" नव्हे

नाशिकच्या एका साठ खाटांच्या रुग्णालयात मी चौदा वर्षं मेडिक्लेमचं काम बघते. लोक आमच्या खिडकीला टीपीए डेस्क म्हणतात. टीपीए म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणारी संस्था. गेल्या वर्षीच्या जुलैमधली एक केस मनातून जात नाही, म्हणून आज सविस्तर लिहितेय. ज्या ताईंची ही गोष्ट आहे त्यांना विचारूनच लिहितेय. त्यांचं, कंपनीचं, टीपीएचं, कुणाचंच नाव इथे नाही.

ताईंचं वय सेहेचाळीस. मे महिन्यात एका लग्नाहून परत आल्या आणि रात्री उजव्या बरगडीखाली कळ आली, पाठीपर्यंत गेली. महिन्याभराने पुन्हा तसंच झालं. २८ जूनला सोनोग्राफी झाली. पित्ताशयात बरेच खडे, त्यातला सर्वांत मोठा ११ मिलिमीटरचा. सर्जननी ११ जुलैला, शुक्रवारी, दुर्बिणीने पित्ताशय काढायचं ठरवलं. घाईची शस्त्रक्रिया नव्हती, हाताशी वेळ होता. सोमवारी ७ तारखेला मी ८२,००० रुपयांच्या इस्टिमेटसह कॅशलेसच्या पूर्वमंजुरीचा, म्हणजे प्रीऑथचा, फॉर्म पाठवला.

पॉलिसी १२ डिसेंबर २०२२ पासून, मध्ये एकही खंड नाही. पित्ताशयातल्या खड्यांसाठी बहुतेक पॉलिसींमध्ये असते तशी याही पॉलिसीत २४ महिन्यांची प्रतीक्षा होती, म्हणजे तोवर त्यांचा क्लेम मिळत नाही. ती डिसेंबर २०२४ मध्येच संपली होती. मला वाटलं, सरळ केस आहे.

मंगळवारी संध्याकाळी सहाला नकार आला. पत्रातलं कारण एवढंच: ओपीडीच्या कागदावर तीन वर्षांच्या त्रासाची नोंद आहे, आजार पॉलिसीपूर्वीचा नाही हे उपलब्ध माहितीवरून ठरवता येत नाही, म्हणून कॅशलेस नामंजूर.

मी फाइल उघडली. केस पेपरवर निवासी डॉक्टरच्या, म्हणजे आरएमओच्या, अक्षरात नोंद होती: अपचन, आंबट ढेकर, तीन वर्षांपासून. खाली सर्जनची नोंद: उजव्या बाजूला कळ, दोन महिने. क्लेम तपासणाऱ्याने पहिली ओळ धरली आणि वजाबाकी केली. जुलै २०२५ मधून तीन वर्षं काढली की जुलै २०२२ येतं, पॉलिसीच्या पाच महिने आधी. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी पॉलिसीत ३६ महिन्यांची प्रतीक्षा होती आणि झाले होते एकतीस. त्या वजाबाकीवर नकार उभा होता.

ताईंचे मिस्टर समोर बसले होते. "मॅडम, त्या डॉक्टरांना सांगून ते तीनचं खोडून घेता येईल का? तीन महिने लिहिलं तर?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. विचारणारा माणूस खोटारडा नसतो, घाबरलेला असतो. पण उत्तर नाहीच असतं. पहिल्या कागदाची प्रत कंपनीकडे आधीच गेलेली असते. त्यानंतर बदललेला कागद गेला की कंपनीचा तपासनीस थेट रुग्णालयात येऊन ओपीडीचं रजिस्टर मागतो. तोवर साधी शंका होती, ती फसवणूक होते. कॅशलेस जातंच, मागून बिलं भरून पैसे परत मिळवायचा रस्ताही जातो आणि पॉलिसी रद्द होण्याची वेळ येऊ शकते. मी दादांना सांगितलं, लिहिलेलं आहे ते तसंच राहील, आपण त्याचा अर्थ समजावून सांगू.

मग ताईंना फोन केला आणि फॉर्ममधले प्रश्न बाजूला ठेवून नीट ऐकत बसले. त्या म्हणाल्या, "अहो, जड जेवलं की जळजळ कित्येक वर्षांची आहे. मेडिकलमधून गोळी आणते, संपलं. ही कळ वेगळीच होती. असं कधीच झालं नव्हतं." मी विचारलं, याआधी कधी पोटाची सोनोग्राफी? त्या नाही म्हणाल्या. मागून दादांचा आवाज आला, "ते आमच्या कंपनीचं चेकअप झालं होतं की, जोडप्याचं."

ऑगस्ट २०२३. दादा नोकरी करतात त्या कंपनीतर्फे कर्मचारी आणि पत्नीची वार्षिक तपासणी, त्यात पोटाची सोनोग्राफी. रात्री साडेनऊला दादांनी कपाटातल्या पिशवीतून रिपोर्ट काढून फोटो पाठवला. पित्ताशय नॉर्मल, खडे नाहीत.

पॉलिसी सुरू होऊन आठ महिने झाल्यावर पित्ताशय स्वच्छ होतं, म्हणजे खडे पॉलिसीनंतरचे. आणखी एक गोष्ट त्यात होती. जळजळ तीन वर्षांची असेल, तर ऑगस्ट २०२३ मध्येही ती होतीच आणि तेव्हा खडे नव्हते. म्हणजे ती जळजळ खड्यांची नव्हती. आमच्या विरोधात धरलेली नोंद या रिपोर्टशेजारी ठेवली की आमच्याच बाजूने बोलत होती.

बुधवारी सकाळी सर्जन राउंडवरून आल्या आल्या त्यांना गाठलं आणि खुलाशाचं पत्र मागितलं. अशा पत्रांचा मला खूप अनुभव आहे आणि बहुतेक पत्रं वाया जातात. "रुग्णास पूर्वीचा आजार नाही, कृपया मंजुरी द्यावी" असं एका वाक्याचं पत्र गेलं की समोरचा डॉक्टर ते बाजूला ठेवतो, कारण त्यात त्याच्या शंकेला उत्तरच नसतं. आमच्या सरांनी तीन गोष्टी लिहिल्या. तीन वर्षांच्या अपचनाची नोंद खरी आहे आणि ते लक्षण पुष्कळ कारणांनी होतं. पित्ताशयाची कळ पहिल्यांदा मे २०२५ मध्ये आली. खड्यांचं निदान पहिल्यांदा २८ जून २०२५ ला झालं, त्याआधी या आजारासाठी कुणी सल्ला किंवा औषध दिलेलं नाही. लेटरहेड, तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. यातला एक जरी राहिला तर त्यावरच नवी क्वेरी येते आणि एक दिवस जातो.

तिसरी गोष्ट मुद्दाम लिहून घेतली होती. पूर्वीपासूनचा आजार कशाला म्हणायचं याची व्याख्या विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, ठरवून दिली आहे. पॉलिसी सुरू होण्याआधीच्या ठरावीक काळात डॉक्टरांनी ज्याचं निदान केलं, किंवा ज्यासाठी डॉक्टरांचा सल्ला वा उपचार मिळाला, तो. हा काळ आधी ४८ महिने होता, २०२४ च्या नियमांत ३६ महिने झाला. जुन्या व्याख्येत नुसती चिन्हं आणि लक्षणंही धरली जायची, ती नंतर काढून टाकली. तरीही केस पेपरवरचं "इतक्या वर्षांपासून" बघून नकार येतात. म्हणून मी अपिलात कलम शोधून त्या व्याख्येचे शब्द पॉलिसीतून जसेच्या तसे उतरवले आणि विचारलं, निदान कोणत्या तारखेचं, कोणत्या डॉक्टरचं, तुमच्याकडे कागद कोणता?

अपील एका पानाचं होतं. सुरुवातीला त्यांच्याच नकारातलं वाक्य, खाली उत्तर, प्रत्येक विधानासमोर जोडलेल्या कागदाचा क्रमांक. घरची परिस्थिती, मुलीची बारावी, यातलं काही लिहिलं नाही. दादांना ते लिहावंसं वाटत होतं आणि मला त्यांचं वाटणं कळत होतं. पण पलीकडे बसलेल्या माणसाला दयेवर मंजुरी देण्याचा अधिकारच नसतो. त्याला फाइलमध्ये लावायला कागद लागतो. तो मिळाला की त्याचंही काम सोपं होतं.

मी तेच अपील टीपीएच्या पोर्टलवर रीकन्सिडरेशन म्हणून चढवलं. शिवाय दादांना त्यांच्या नोंदवलेल्या ईमेलवरून विमा कंपनीच्या तक्रार विभागाला पाठवायला लावलं. हे मी प्रत्येकाला करायला लावते. विम्याचा करार ताईंचा आणि कंपनीचा आहे. रुग्णालय त्यात पक्ष नाही आणि टीपीए तर कंपनीने नेमलेला मध्यस्थ. कंपनीला पत्रच गेलं नाही, तर तिच्या लेखी तक्रार झालेलीच नसते.

आता मला जे मनापासून चुकीचं वाटतं ते. आयआरडीएआयच्या २९ मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने कंपन्यांना सांगितलं आहे की कॅशलेसच्या विनंतीवर जास्तीत जास्त एका तासात निर्णय द्या. क्लेम फेटाळायचा तर कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मान्यता घ्या आणि पॉलिसीतली नेमकी अट दाखवून कारण कळवा. चांगले नियम आहेत. पण कॅशलेस नाकारताना पत्राच्या तळाशी एक वाक्य येतं: हा क्लेमचा नकार नाही, तुम्ही खर्च करून नंतर दावा करू शकता. त्या वाक्याच्या आड कमिटी टळते आणि अट न सांगताही भागतं. कागदावर फरक असेल. ज्या घरात शुक्रवारपर्यंत ८२,००० रुपये उभे करायचे आहेत, त्या घरात तो नकारच असतो. दादांनी मंगळवारी रात्रीच सोनाराकडे चौकशी केली होती. कॅशलेस नाकारतानाही अट आणि मान्यता या दोन्ही गोष्टी बंधनकारक हव्यात, असं माझं ठाम मत आहे. विमा लोकपालाकडे जाता येतं, पण आधी कंपनीला तक्रार करून तिच्या उत्तराची महिनाभर वाट बघावी लागते. ठरलेल्या ऑपरेशनला त्याचा उपयोग नाही.

आमच्या बाजूची चूकही सांगते, कारण ती रोज होते. आरएमओ घाईत सगळी लक्षणं एका रांगेत लिहितो आणि शेवटी एकच कालावधी टाकतो. कुठलं लक्षण कधीपासून हे वेगळं लिहिलं असतं, तर कदाचित हा नकार आलाच नसता. त्या आठवड्यापासून नियोजित शस्त्रक्रियेचा फॉर्म पाठवण्याआधी मी केस पेपर स्वतः वाचते. कालावधी संदिग्ध वाटला तर फॉर्मसोबतच सर्जनचा खुलासा जोडते.

आणि सगळीच अपिलं जिंकता येत नाहीत. याच ताईंची पॉलिसी वीस महिन्यांची असती, तर २४ महिन्यांच्या अटीपुढे ऑगस्टचा रिपोर्ट काही करू शकला नसता. तिथे मी लोकांना स्पष्ट सांगते की अपिलात दिवस घालवू नका. डॉक्टर थांबता येईल म्हणत असतील तर तारीख पुढे घ्या, नाहीतर पैशांची सोय बघा.

गुरुवारी दुपारी सव्वातीनला ५०,००० रुपयांची प्राथमिक मंजुरी आली. दादांना फोन केला तर ते काही बोललेच नाहीत, थोड्या वेळाने फोन ताईंनी घेतला. शुक्रवारी ऑपरेशन झालं, रविवारी डिस्चार्ज. बिल ७९,४६० झालं, अंतिम मंजुरी ७५,२८० ची आली. उरलेले ४,१८० ग्लोव्हज, नोंदणी शुल्क असल्या विम्यात न मिळणाऱ्या गोष्टींचे होते, ते दादांनी खिडकीवर भरले. जाताना त्यांनी पिशवी उघडून दाखवली. ऑगस्ट २०२३ चा मूळ रिपोर्ट त्यांनी लॅमिनेट करून आणला होता.