प्री-कोरस, अंतरा आणि राखून ठेवलेला तार षड्ज

प्रतिक्रिया: «कडवे आणि कोरस यांच्या मधल्या प्री-कोरसचे तुम्ही एवढे कौतुक केले, पण वर चढणारी चाल आपल्या अंतऱ्यात पूर्वीपासूनच आहे. तुमच्या सांगण्याप्रमाणे मी सूर चढवत नेले आणि ओळीही लहान केल्या, तरी कोरस आल्यावर गाणे उलट बसल्यासारखे वाटले. मग या उसन्या भागाचा उपयोग काय?»

उत्तर:

आपण गाणे करून पाहिलेत आणि मगच आक्षेप घेतलात, याबद्दल मनापासून आभार. अंतऱ्याबद्दलचे आपले निरीक्षण योग्य आहे, आणि माझ्या मते आपली अडचणही तिथेच सापडते. अंतरा सहसा मध्यमाच्या किंवा पंचमाच्या आसपास उठतो, तार षड्जावर पोहोचतो, तिथे विसावतो आणि मग खाली उतरत मुखड्याकडे येतो. म्हणजे शिखर अंतऱ्यातच गाठले जाते. प्री-कोरसने मात्र शिखराच्या एक पायरी खाली थांबायचे असते, कारण ती शेवटची पायरी कोरसची असते. आपल्या प्री-कोरसने ती आधीच चढून टाकली असावी, असा माझा अंदाज आहे.

हीच चूक माझ्या हातून झाली होती. इंदूरच्या रामबागेत आमचा छोटा गट गणेशोत्सवासाठी एक गाणे बसवत होता. कडव्याची चाल मंद्र धैवतापासून मध्य गंधारापर्यंतच फिरत होती आणि प्रत्येक ओळ केरव्याची दोन आवर्तने, म्हणजे 16 मात्रा घेत होती. कोरस «आला, आला» या शब्दांनी थेट तार षड्जावर सुरू होत होता. मधल्या चार आवर्तनांत मी हे शब्द बसवले:

कोण येते या दिशेने
चाल ओळखीची वाटे
थांब जरा
ऐक पुन्हा
हाच का तो

पहिल्या दोन ओळी आठ-आठ अक्षरांच्या, पुढच्या तीन चार-चार अक्षरांच्या, आणि दर मात्रेला एक अक्षर. कडव्यात 16 मात्रांनी श्वास घेणाऱ्या गायकाला आता आधी आठ आणि मग चार मात्रांनी थांबावे लागते. ठेक्याची लय तीच राहते, पण विराम जवळजवळ येऊ लागल्यामुळे ऐकणाऱ्याला घाई जाणवते. या 28 मात्रा झाल्या; उरलेल्या चार मात्रा मी मोकळ्या सोडल्या.

पहिल्या मसुद्यात «ऐक पुन्हा» तार षड्जाला स्पर्श करून येत होते. स्पर्श क्षणभराचाच होता, पण तालमीत कोरस आला तेव्हा कुणाचीच मान वर झाली नाही. जो सूर नवा वाटायला हवा होता तो कानाने नुकताच ऐकला होता. मग मी ओळींचे शेवट क्रमाने मध्यम, पंचम, धैवत, निषाद आणि पुन्हा निषाद असे ठरवले. साथीलाही याच चढाने नेले. पहिल्या ओळीखाली रे-म-ध, दुसरीखाली ग-प-नि, «थांब जरा»खाली म-ध-सा आणि शेवटच्या दोन ओळींखाली प-नि-रे हे कॉर्ड आले. सा-ग-प हा घरचा कॉर्ड कोरसपर्यंत एकदाही वाजू दिला नाही. «हाच का तो» हा प्रश्न शुद्ध निषादावर लोंबकळत राहतो, चार मात्रा फक्त ढोलकीचा हलका ठोका चालतो आणि मग «आ» हा मोकळा स्वर तीन मात्रा लांबवून म्हटला जातो. वरच्या सुरावर «इ» किंवा «उ» आला असता तर अर्ध्या गटाचा गळा आवळला गेला असता.

आपल्या गाण्याची परीक्षा करण्यासाठी प्री-कोरसचा शेवटचा सूर गाऊन तिथेच थांबा आणि घरातल्या कुणाला तरी विचारा की गाणे संपले का. उत्तर «हो» आले तर षड्ज कुठेतरी लवकर आला आहे, गळ्यात नाही तर साथीत. साथीतली ही चूक सहज निसटते, कारण आपण चाल तपासतो आणि हार्मोनियमवर डावीकडे दाबून ठेवलेला सा विसरतो.

एका ठिकाणी मात्र आपला आक्षेप मला मान्य आहे. चाल भूपासारख्या रागात बांधलेली असेल तर त्यात मध्यमही नाही आणि निषादही नाही. धैवतावर थांबल्यास तार षड्जाची ओढ निषादाइतकी लागत नाही, आणि कोमल निषादाच्या रागांतही ती सौम्यच राहते. तिथे चढापेक्षा ओळींच्या तोकडेपणावर आणि मोकळ्या मात्रांवर भिस्त ठेवावी लागते. तसेच आपला कोरस मध्य सप्तकातच, बोलल्यासारखा सुरू होत असेल तर त्याच्याआधी चढ नको. कडव्यावरून सरळ कोरसवर या. आपला कोरस कोणत्या सुरावर उठतो आणि प्री-कोरसमधला सर्वांत वरचा सूर कोणता, एवढे दोन सूर कळवलेत तर पुढचे नेमके सांगता येईल.