देवदासी समाजातल्या गायिका नागरत्नम्मा यांच्यावरच्या लेखाला आलेल्या प्रतिक्रियेचं उत्तर

प्रतिक्रिया: "ताई, लेख वाचनीय आहे, पण देवदासींचं हे गौरवीकरण पटलं नाही. सात-आठ वर्षांच्या मुली देवाला सोडायच्या आणि वयात आल्या की कुणा धनिकाच्या पदरी बांधायच्या, त्या प्रथेवर सुधारकांनी घाव घातला. नागरत्नम्मा हा अपवाद. एका श्रीमंत गायिकेच्या कर्तबगारीवरून प्रथा चांगली ठरत नाही. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डींसारख्या बाईंना तुम्ही जवळजवळ खलनायिका करून टाकलंत."

नमस्कार. तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

देवदासी प्रथा कायद्याने बंद व्हावी म्हणून झटलेल्या मुथुलक्ष्मी रेड्डींबद्दल मी जे लिहिलं ते अपुरं होतं, हे मान्य. त्यांची आई चंद्राम्माळ याच समाजातली. म्हणजे पोट्टु बांधणं, देवाच्या नावाचं मंगळसूत्र मुलीच्या गळ्यात बांधणं, म्हणजे काय हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं, ते त्यांच्या आजोळचं होतं. 1930 च्या सुमाराला या समाजातल्या काही मुली शिकायला म्हणून मद्रासला आल्या, पण वसतिगृहांनी त्यांना दारातूनच परत पाठवलं. ब्राह्मण मुलींच्या वसतिगृहात जागा नाही, ब्राह्मणेतर मुलींच्या वसतिगृहातही नाही. त्या रेड्डींच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी मुलींना घरात घेतलं. 'अव्वई होम' उभं राहिलं ते त्यातून. अशा बाईला खलनायिका करण्याचा माझा हेतू नव्हता, पण लेख वाचून तसं वाटलं असेल तर दोष माझ्या लिहिण्याचा. पोरवयात मुलगी देवाला वाहणं वाईट होतं, याबद्दल तुमच्या-माझ्यात तिळमात्र मतभेद नाही. मूवलूर रामामिर्थम अम्माळ तर स्वतः या जगातून बाहेर पडल्या आणि आयुष्यभर या प्रथेविरुद्ध गावोगाव बोलत राहिल्या. तेव्हा सगळ्या देवदासी एका बाजूला आणि सगळे सुधारक दुसऱ्या बाजूला, असं ते कधीच नव्हतं.

मला जे म्हणायचं होतं ते वेगळं आहे, आणि ते या वेळी नीट सांगते. या घरांत गाणं आणि घर एकाच वाटेने पुढे जायचं, आईकडून मुलीकडे. देवळाकडून मिळालेली इनाम जमीन, राहतं घर, दागिने, वीणा, पदांची वही आणि गळ्यावरचा संस्कार, सगळं त्याच वाटेने. पोटची मुलगी नसली तर दत्तक घेतलेली. आपल्या ओळखीच्या बायकांपैकी त्या काळी कुणाच्या नावावर घर असायचं? इथे ते होतं. मुलीला या वाटेवर ढकललं जायचं हे खरं, आणि या वाटेवर तिला स्वतःची मिळकत व विद्या मिळायची हेही खरं. कायद्याने वाट बंद केली तेव्हा दोन्ही गेलं.

हे काही एकट्या तमिळ मुलखातलं नाही. 1880 साली मुंबई हायकोर्टात मथुरा नायकीण विरुद्ध एसू नायकीण असा दावा झाला. नायकिणीने घेतलेल्या दत्तक मुलीला हक्क आहे की नाही, हा प्रश्न. प्रथा अनीतीची, म्हणून ते दत्तक कायद्यात धरता येत नाही, असा निकाल लागला. मद्रासच्या कोर्टांनी एवढी टोकाची भूमिका घेतली नाही. मुलीला वेश्याव्यवसायात घालण्यासाठी दत्तक घेतलेलं नसेल तर ते तिथे टिकायचं. पण मुंबईच्या निकालाचा अर्थ एका घरापुरता लावून पाहा. एखाद्या नायकिणीने पोर आणली, वाढवली, पंधरा वर्षं समोर बसवून शिकवली. म्हातारी गेली की ती मुलगी कायद्याच्या लेखी त्या घरात कुणीच नाही. हा निकाल कुणा मुलीला सोडवण्यासाठी झाला नव्हता, त्यात फक्त तिची मिळकत गेली.

आता नागरत्नम्मा. त्या अपवाद होत्या हे तुमचं म्हणणं श्रीमंतीपुरतं बरोबर आहे. पण त्या ज्या ज्या ठिकाणी भांडल्या, तिथे त्यांनी स्वतःला अपवाद मानलं नाही. त्यातलं एकच प्रकरण जवळून पाहू, कारण ते आपल्या तंजावरचं आहे.

तंजावरच्या भोसले घराण्यातल्या प्रतापसिंह महाराजांच्या दरबारात (1739 ते 1763) मुद्दुपळणी नावाची गणिका होती. तिने तेलुगूत 'राधिका सांत्वनमु' हे शृंगारकाव्य लिहिलं. कथा अशी की राधा इला नावाच्या मुलीला वाढवते, तिचं कृष्णाशी लग्न लावून देते आणि मग स्वतःच मत्सराने जळते. शेवटी कृष्ण तिची समजूत काढतो. त्या काळच्या शृंगारकाव्यात नायकाने बाईची मनधरणी करणं नवं नव्हतं, पण बाईची इच्छा बाईच्याच तोंडून एवढी उघड येणं नवं होतं. पुरुष कवी ग्रंथारंभी वडील-आजोबांची परंपरा सांगतात, तशी मुद्दुपळणी आपल्या आजीची आणि घरातल्या बायकांची सांगते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे काव्य छापलं गेलं तेव्हा ही सुरुवातच गाळलेली होती, आणि बरीच पद्यंही. नागरत्नम्मांनी छापील प्रत वाचली, काहीतरी सुटलंय हे त्यांच्या लक्षात आलं, मूळ हस्तलिखित मिळवलं आणि 1910 मध्ये मद्रासच्या वाविळ्ळ प्रकाशनाकडून पूर्ण काव्य काढलं. प्रस्तावनेत त्यांनी दोन कारणं दिली : हे काव्य रसाने भरलेलं आहे, आणि ते एका बाईने, त्यातही आमच्या समाजातल्या बाईने लिहिलेलं आहे.

तेलुगू समाजसुधारणेचे अग्रणी कंदुकूरि वीरेशलिंगम यांनी मुद्दुपळणीला आधीच व्यभिचारिणी ठरवलं होतं आणि काही भाग बाईच्या तोंडून ऐकूच नयेत असे आहेत, असा शेरा मारला होता. नागरत्नम्मांनी त्यांना त्याच प्रस्तावनेत धरलं. लाज फक्त बायकांनीच बाळगायची असते का, असा त्यांचा सरळ सवाल. आणि ज्या वीरेशलिंगम पंतुलूंना हे अश्लील वाटतं त्यांनीच 'वैजयंतीविलासम्' छापायला योग्य ठरवलं होतं, त्यात याहून उघडं वर्णन आहे, तेव्हा त्यांना काही खटकलं नव्हतं, हेही दाखवून दिलं. 1911 मध्ये सरकारने पुस्तक अश्लील ठरवून बंदी घातली. ती उठली 1947 च्या आसपास, टी. प्रकाशम मद्रासचे मुख्यमंत्री असताना. म्हणजे पस्तीसेक वर्षं.

या प्रकरणात लहान मुलगी कुठेही नाही, पोट्टु नाही, धनिकही नाही. अठराव्या शतकातली एक कवयित्री आहे आणि तिचं पुस्तक आहे. तरी घाव बसला. सुधारणेचा हात प्रथेवरच थांबला नाही, त्या बायकांच्या शब्दांपर्यंत पोचला, हे मी म्हणते ते यामुळे.

1927 च्या नोव्हेंबरात रेड्डींनी मद्रासच्या विधान परिषदेत ही प्रथा बंद करण्याचा ठराव आणला, तेव्हा देवदासींनी संघटना करून सरकारकडे निवेदनं दिली. नागरत्नम्मा त्यात होत्या. आम्ही वेश्या नाही, दोन्ही शब्द एक करू नका; काही जणी बिघडल्या असतील तर आम्हाला शिक्षण द्या, धर्माचं, साहित्याचं, गाण्याचं; आमचं म्हणणं ऐकल्याशिवाय आमच्यावर कायदा करू नका. असा त्यांचा रोख. रेड्डींनी या निवेदनाला किंमत देऊ नये असं सरकारला सांगितलं, त्यांच्या मते त्यामागे दुसरेच होते. मला रेड्डींचं इथेच चुकलं असं वाटतं. ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांच्यातल्या गप्प मुलींची बाजू त्यांनी घेतली, बोलणाऱ्या बायकांना मात्र ऐकण्यालायक मानलं नाही. देवस्थानांच्या कायद्यात 1929 मध्ये झालेल्या दुरुस्तीने इनाम जमिनी देवळाच्या सेवेतून सोडवून त्या बाईच्या नावे केल्या, ही त्यातली चांगली बाजू, आणि ती माझ्या मूळ लेखात यायला हवी होती. पण सेवाच उरली नाही तेव्हा सेवा करणाऱ्या मुलीकडेच जमीन जावी, या रिवाजालाही आधार उरला नाही. पोट्टु बांधण्यावर पूर्ण बंदीचा कायदा झाला तो 1947 मध्ये.

गाण्याचं काय झालं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ते याच्याशी जोडलेलं आहे. क्षेत्रय्यांची पदं आणि जावळी या या घरांच्या खास चिजा. नायिका सखीला सांगते, काल तो आला नाही, असा सगळा मामला. अतिविलंबित लयीत, एकेका शब्दावर रेंगाळत गायच्या. संगीतसभांमधून या समाजाबाहेरच्या घरांतल्या मुली गायला लागल्या तशी ही पदं मैफलीच्या शेपटीला गेली, आणि काहींचे शब्द अडचणीचे म्हणून बाजूलाच पडली. याच परंपरेतल्या वीणावादक वीणा धनम्माळ यांच्या नाती बृंदा आणि मुक्ता यांच्या गळ्यात ती राहिली. बाहेरच्या मोठमोठ्या गायकांना ती शिकायला याच घराकडे यावं लागलं. धनम्माळची आणखी एक नात, नर्तकी बालसरस्वती, शेवटपर्यंत सांगत राहिली की शृंगार काढून टाकून नृत्य शुद्ध होत नाही.

दोन वर्षांपूर्वी मी तिरुवैयारूला गेले होते, उत्सवाची गर्दी नसताना. कर्नाटक संगीतातले थोर रचनाकार त्यागराज यांची समाधी तिथे कावेरीच्या काठावर आहे. 1920 च्या दशकात ती पडझडीला आली होती. गुरू बिडारम कृष्णप्पांकडून हे कळल्यावर नागरत्नम्मांनी आपले पैसे आणि दागिने घालून तिथे देऊळ बांधलं. पण वार्षिक आराधना दोन गटांच्या हातात होती, दोन्ही पुरुषांचे, आणि कुठल्याच गटात बायकांना गायची मुभा नव्हती. ज्या देवळाला पैसा आपण घातला तिथे आपणच गायचं नाही! मग त्यांनी तिसरा गट काढला, बायकांचा, आणि समाधीच्या मागच्या बाजूला बसून गाणं सुरू केलं. 1940-41 मध्ये तिन्ही गट एक झाले. आज हजारो माणसं एकत्र पंचरत्न कृती गातात त्यात बायकाही बसतात, ते तेव्हापासून. नागरत्नम्मा 1952 मध्ये गेल्या. त्यांची समाधी तिथेच आहे, त्यागराजांच्या समोर. हात जोडून बसलेली मूर्ती, तोंड गाभाऱ्याकडे. मी गेले तेव्हा एक म्हातारी बाई तिच्या पायाशी मोगऱ्याचा गजरा ठेवत होती. कोण आहेत या, असं मी विचारलं, तर म्हणाली, "अम्मा." एवढंच.

मूळ लेखात आज दोन बदल केले आहेत. रेड्डींच्या आईचा आणि अव्वई होमचा उल्लेख वर आणला आहे, आणि 1929 च्या दुरुस्तीतला जमिनीचा भाग जोडला आहे. राधिका सांत्वनमुचा परिच्छेद जसा होता तसाच ठेवला आहे.