खुलासा: टूथपेस्टने ओरखडा जातो, डिस्कची कीड नाही

“जुनी गेमची सीडी अडकत असेल तर टूथपेस्ट घासा, भोकं पडलेली डिस्कसुद्धा पुन्हा चालते.”

अर्धंच खरं आहे. सीडीच्या चकचकीत बाजूला सुमारे 1.2 मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लॅस्टिक असतं. लेझर त्यातून आरपार जाऊन वरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरावरचा डेटा वाचतो. ओरखडा प्लॅस्टिकवर असेल आणि त्यात नख अडकत नसेल, तर पॉलिशने त्याच्या कडा गुळगुळीत होतात आणि डिस्क चालू शकते. मात्र हात मधून कडेकडे सरळ फिरवा. गोल घासलंत तर नवे ओरखडे ट्रॅकच्या दिशेनेच पडतात आणि ते वाचताना जास्त नडतात.

अ‍ॅल्युमिनियमवर मात्र छापील बाजूने फक्त लॅकरचा पातळ थर असतो. तो फुटला की हवा आणि ओलावा आत शिरतो आणि धातू गंजतो. हीच डिस्कची कीड. माझ्याकडच्या सेगा सॅटर्नच्या एका डिस्कला खालून एकही ओरखडा नव्हता, तरी गेम दरवेळी एकाच ठिकाणी थांबायचा. छापील बाजू टॉर्चकडे धरली तेव्हा कडेजवळ टाचणीच्या टोकाएवढे पाच-सहा ठिपके लख्ख दिसले. तिथे धातूच उरलेला नाही, मग घासून परत काय येणार?

सगळीकडे सारखाच मंद उजेड दिसला तर घाबरू नका, काही डिस्कचा थर मुळातच पातळ असतो. एखादा ठिपकाही कारखान्यातला असू शकतो. फोटो काढून ठेवा आणि सहा महिन्यांनी ताडून बघा. ठिपके वाढलेले दिसले, तर डिस्क वाचली जातेय तोवरच तिची कॉपी करून घ्या.

ब्लू-रेवर तर पॉलिश करूच नका. तिथे डेटा पृष्ठभागापासून जेमतेम 0.1 मिलिमीटरवर असतो.