फोनचा खासगी पत्ता, राउटरचे आरक्षण आणि केबलवाल्याचे बाइंडिंग

"फोनचा प्रायव्हेट मॅक अ‍ॅड्रेस रोज बदलतो, म्हणून राउटरमधले आरक्षण तुटते. केबलवाल्याचे मॅक बाइंडिंगही त्यामुळेच मोडते आणि नेट बंद पडते. सगळ्यांनी ही सोय कायमची बंद करा." (नाशिकच्या सोसायट्यांमध्ये फिरणारा संदेश)

मॅक अ‍ॅड्रेस म्हणजे नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा पत्ता. राउटरने एखाद्या मॅकसाठी ठरावीक आयपी राखून ठेवणे म्हणजे आरक्षण, आणि केबलवाल्याने फक्त नोंदवलेल्या मॅकलाच नेट देणे म्हणजे बाइंडिंग. संदेशातला 'रोज बदलतो' हा दावा मात्र सहसा खरा नाही. अँड्रॉइड १० (२०१९) आणि आयओएस १४ (२०२०) पासून फोन प्रत्येक वाय-फाय नावासाठी वेगळा मॅक पत्ता तयार करतो आणि त्या नावाशी सहसा तोच वापरत राहतो. आरक्षण चुकते ते बहुधा याच नियमामुळे. इंदिरानगरमधील एक फ्लॅट धरू. राउटरवर Ghar आणि Ghar_5G अशी दोन नावे आहेत, आणि Ghar वर दिसलेल्या पत्त्यासाठी 192.168.1.50 राखून ठेवले आहे. तोच फोन Ghar_5G ला जोडला की दुसऱ्या पत्त्याने येतो, त्यामुळे राउटर त्याला अनोळखी समजून 192.168.1.103 देतो, आणि घरच्यांना वाटते की पत्ता आपोआप बदलला. दोन्ही बँडना एकच नाव, पासवर्ड व सुरक्षा प्रकार दिला की ही अडचण उरत नाही. राउटरच्या यादीतील पत्त्याचे दुसरे अक्षर 2, 6, A किंवा E असेल, जसे `DA:3F:10:5B:72:C4`, तर तो फोनने स्वतः बनवलेला आहे, असे समजावे. आयओएस १८ मध्ये मात्र Rotating निवडलेले असल्यास पत्ता खरोखरच अधूनमधून बदलतो. घरच्या नेटवर्कसाठी तेथे Fixed ठेवावे.

बाइंडिंगचा आरोप तर बहुतेक घरांना लागूच होत नाही, कारण केबलवाल्याला फक्त राउटरच्या वॅन पोर्टचा, म्हणजे बाहेरून येणारी केबल लागते त्या पोर्टचा, मॅक दिसतो आणि फोन त्यामागे झाकलेला राहतो. अपवाद दोन. राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे स्वतः आयपी न वाटता फक्त वाय-फाय पुरवण्यासाठी, चालवला असेल, तर फोन थेट केबलवाल्याच्या जाळ्यात पोहोचतो. दुसरा अपवाद अधिक फसवा आहे: जुना राउटर जळतो, बाइंडिंग त्याच्याच मॅकवर असते, आणि नवा राउटर बसवताना कोणी फोनवरूनच "या उपकरणाचा मॅक क्लोन करा" हा पर्याय दाबतो. काही राउटर तेव्हा फोनचा खासगी पत्ता वॅन पोर्टवर चढवतात. वाय-फाय जोडलेले दिसते, पण वॅनचा आयपी 0.0.0.0 राहतो, म्हणजे बाहेरचे नेट मिळतच नाही. जुन्या राउटरचा वॅन मॅक हाताने भरावा किंवा केबलवाल्याकडून नवा नोंदवून घ्यावा. तळाच्या लेबलवरील मॅक पुष्कळदा लॅन, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या, बाजूचा असतो आणि वॅनचा त्याहून शेवटच्या आकड्याने वेगळा निघतो, हेही तपासावे.

सोय सरसकट बंद करण्याचा सल्ला तर अनाठायीच आहे, कारण ही निवड प्रत्येक नेटवर्कपुरती करता येते आणि स्टेशन, मॉल किंवा हॉटेलमधील वाय-फायवर तिचा खरा उपयोग होतो. खरा मॅकच हवा असेल, तर अँड्रॉइडमध्ये त्या नेटवर्कच्या Privacy मध्ये Use device MAC निवडावे, आयफोनमध्ये Private Wi-Fi Address बंद करावे, आणि आरक्षणातही तोच मॅक भरावा. मात्र जुनी लीज, म्हणजे आयपी दिल्याची मुदत, संपेपर्यंत राउटर तो आयपी अडकवून ठेवू शकतो, म्हणून राउटर एकदा रीस्टार्ट करून फोन पुन्हा जोडावा.