तो नंबर आता शेळ्यांचा आहे

"अरे, आमच्या एचआरच्या मॅडम म्हणतायत तू शेळ्या विकतोस!" मित्राचा फोन आला तेव्हा मी पोहे खात होतो. नोकरीसाठी माझं नाव त्यानेच सुचवलं होतं.

दुसऱ्या सिमला रिचार्ज मारायचं मी विसरलो होतो. 90 दिवस सिम वापरलं नाही की कंपनी ते बंद करू शकते, आणि काही काळाने तोच नंबर नव्या गिऱ्हाइकाच्या पदरात पडतो. माझा नंबर लातूरकडच्या एका शेळीवाल्या मामांना मिळाला. माझ्या बायोडेटाच्या डोक्यावर मात्र तोच, आणि तोही ठळक अक्षरांत.

मॅडमनी दोनदा मेलही केले होते, ते परत गेले. जीमेलची फुकटची जागा 15 जीबी, आणि त्यातच फोटो आणि ड्राइव्ह. माझी भरली होती भाच्याच्या मुंजीच्या व्हिडिओंनी. खात्री करायला बायकोच्या खात्यावरून स्वतःलाच मेल पाठवला. तोही पोहोचला नाही.

मुंज डिलीट केली, तरी जागा तेवढीच! कचरापेटी रिकामी केल्याशिवाय ती मोजणीतून जात नाही, हे अर्ध्या तासाने कळलं. (बहिणीला अजून सांगितलेलं नाही.) शिवाय परत गेलेले मेल जागा झाली म्हणून आपोआप येत नाहीत, ते पुन्हा मागावे लागतात.

म्हणून माफीचा मेल लिहायला बसलो. पहिल्या खर्ड्यात सिम, मुंज, शेळ्या आणि माझा प्रामाणिकपणा मिळून दीड पान झालं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "त्यांना कर्मचारी हवाय, कीर्तनकार नको."

तिने काटछाट केली. विषयात पदाचं नाव आणि माझं नाव. मग एकच वाक्य: जुना नंबर बंद झाल्याने आणि मेलबॉक्स भरल्याने तुमचे फोन व मेल माझ्यापर्यंत पोहोचले नाहीत, दिलगीर आहे. त्याखाली नवा नंबर, पर्यायी मेल, "जागा अजून भरली नसेल तर प्रक्रिया पुढे नेता येईल का?" हा प्रश्न, आणि मंगळवार-बुधवारी सकाळी 10 ते 1 मी मोकळा असल्याचं. सोबत नवा नंबर टाकलेला बायोडेटा. "मी अत्यंत जबाबदार आहे" हे वाक्य तिने खोडलं. पुरावा उलटा आहे म्हणाली.

पाठवण्याआधी नोकरीच्या पोर्टलवरचा नंबरही बदलला, नाहीतर मॅडम पुन्हा गोठ्यातच फोन करायच्या. मामांनाही फोन लावला. "बाई लई चांगल्या बोलल्या. इचारत होत्या, तवा म्या बी सांगितलं," एवढंच ते म्हणाले. काय सांगितलं, ते विचारायचं राहिलं.

बुधवारी मॅडमचा फोन आला. दोन मिनिटं कामाचं बोलणं झालं, मग त्यांनी विचारलं, "पगाराची अपेक्षा तीच ना, मागच्या वेळी सांगितलेली?"

मी जीव मुठीत धरून आकडा विचारला. मामांनी माझ्यापेक्षा पंधरा हजार जास्त मागितले होते.

"हो," मी म्हणालो. "तीच."