घर तेच, नकाशा चौथा

“काका, यंत्रं तपासली, मोजणी नीट झाली, लोकांचं मतही फारसं बदललं नाही. मग जागा इतक्या कशा बदलतात?”

पुण्याहून पुतण्याने हे विचारलं तेव्हा त्याच्या डोक्यात मतदान यंत्रं होती. माझ्या डोक्यात मात्र यंत्र आलंच नाही. मी नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरो शहरात राहतो. २०१६ ते २०२४ या काळात मी घर बदललं नाही, पण अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहासाठी मी मतदारसंघांच्या हद्दींच्या चार वेगवेगळ्या नकाशांवर मतदान केलं.

राज्याचा हिशेब आधी पाहू. २०१८ मध्ये दोन्ही मोठ्या पक्षांना राज्यभर जवळपास निम्मी निम्मी मतं पडली. जागा होत्या तेरा. त्यातल्या एका जागेवर टपाली मतांच्या गैरप्रकारामुळे पुढच्या वर्षी फेरनिवडणूक झाली. ती धरून शेवटी रिपब्लिकनांकडे दहा जागा आणि डेमोक्रॅटांकडे तीन. हा अपघात नव्हता. २०१६ मध्ये नकाशा तयार होत असताना विधिमंडळाच्या समितीचे एक प्रमुख, रिपब्लिकन आमदार डेव्हिड लुईस, यांनी बैठकीत उघडपणे सांगितलं होतं की नकाशा दहा-तीन असा काढावा, कारण अकरा-दोन असा काढणं शक्य आहे असं त्यांना वाटत नाही. हे वाक्य नोंदीत आहे. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ सुन्न होतो. लोकांनी मत द्यायच्या आधीच आकडा ठरला होता.

हे करतात कसं, ते पुतण्याला कागदावर मांडून दाखवलं. पाचशे मतदार घे, अडीचशे लाल आणि अडीचशे निळे. शंभर-शंभरचे पाच मतदारसंघ करायचे. पहिल्या मतदारसंघात नव्वद निळे कोंबायचे आणि दहाच लाल ठेवायचे. उरले एकशेसाठ निळे. ते बाकीच्या चार ठिकाणी चाळीस-चाळीस असे फोडायचे. चारही ठिकाणी लाल साठ, निळे चाळीस. निकाल चार-एक. एकाही माणसाने मत बदललं नाही, एकही मत चोरलं नाही. आता हेच रंग उलटे करून काढ, निकालही उलटा येईल.

यात कौशल्य असतं ते साठ या आकड्यात. लोभाने बावन्न-अठ्ठेचाळीस अशा काठावरच्या जागा वाढवल्या तर एखाद्या वर्षी वारं फिरताच सगळ्या एकदम हातच्या जातात. म्हणून मुरलेला नकाशाकार जिंकण्याच्या जागा पुरेशा जाड ठेवतो आणि विरोधकाला एखाद-दोन जागा भरघोस मतांनी जिंकू देतो. त्या भरघोस मतांतली जिंकण्यापुरती सोडून बाकीची सगळी वाया जातात.

माझ्या शहरात हे अक्षरशः रस्त्यावर दिसायचं. इथे ए अँड टी नावाचं विद्यापीठ आहे, कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या विद्यापीठांमध्ये देशातलं सर्वांत मोठं. २०१६ च्या नकाशात त्याच्या आवारातून सहाव्या आणि तेराव्या मतदारसंघाची हद्द गेली. एका वसतिगृहातली मुलं एका मतदारसंघात, पलीकडची दुसऱ्यात. एकत्र असती तर त्यांच्या मतांना वजन आलं असतं. दोन्हीकडे त्यांची संख्या पुरेशी कमी ठेवली गेली.

पुढच्या दोन नकाशांत शहर पुन्हा एकत्र आलं. २०२२ ची निवडणूक राज्याच्या न्यायालयाने आखून घेतलेल्या नकाशावर झाली. तोवर राज्याच्या जागा चौदा झाल्या होत्या आणि निकाल सात-सात लागला. त्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात रिपब्लिकनांचं बहुमत आलं, कारण इथे न्यायाधीशही पक्षाच्या नावाने निवडून येतात. पक्षीय फायद्यासाठी हद्दी आखणं बेकायदा ठरवणारा आपलाच आधीचा निर्णय त्या न्यायालयाने २०२३ मध्ये फिरवला. विधिमंडळाने लगेच नवा नकाशा काढला आणि आमच्या काउंटीचे, म्हणजे जिल्ह्याचे, तीन तुकडे पाचव्या, सहाव्या आणि नवव्या मतदारसंघात गेले. एक तुकडा पश्चिमेकडच्या डोंगराळ काउंट्यांना जोडला, दुसरा दक्षिणेकडच्या. २०२४ मध्ये निकाल लागला दहा-चार.

त्याच निवडणुकीतली एक गोष्ट मला सतत आठवते. शार्लट भागातले डेमोक्रॅट खासदार जेफ जॅक्सन यांचा मतदारसंघ नव्या नकाशात असा मोडला की त्यांनी तिथून उभं राहणंच सोडलं. त्याऐवजी ते राज्याच्या महाधिवक्तापदासाठी उभे राहिले आणि जिंकले. त्या पदासाठी सगळं राज्य हाच मतदारसंघ असतो, तिथे कुणाला रेषा ओढता येत नाही.

माझा एक मित्र म्हणतो, “नकाशा बघितला की कळतं. साप-विंचवासारखा आकार असला की समजायचं.” हे अर्धंच खरं आहे. २०११ च्या नकाशातला बारावा मतदारसंघ खरोखरच महामार्गालगत सरपटत गेलेल्या सापासारखा होता. पण २०१६ चा नकाशा दिसायला त्याहून कितीतरी नीटनेटका होता आणि दहा-तीन त्यातूनच आले. वाकडी रेषा कधी नदीमुळे किंवा एखाद्या वस्तीला एकत्र ठेवण्यासाठीही येते. आकार पाहून शंका घ्यावी, निवाडा करू नये.

मग ओळखायचं कसं, हे मला माझ्या शेजारणीने समजावलं. त्या काउंटीच्या नियोजन खात्यातून निवृत्त झाल्या आहेत आणि नकाशे हातात घेऊनच त्यांचं आयुष्य गेलं. त्या म्हणाल्या, “सात-सात आलं तरच न्याय, असं समजू नका. शहरांत एका पक्षाचे लोक दाटीने राहतात, त्यामुळे सरळ हाताने काढलेला नकाशाही थोडा कलतो. प्रश्न असा विचारायचा, की सरळ हाताने काढला असता तर किती कलला असता?” ड्यूक विद्यापीठातले गणितज्ञ जोनाथन मॅटिंगली यांनी नेमकं हेच केलं होतं. लोकसंख्या सारखी, तुकडे सलग, काउंट्या शक्य तितक्या अखंड, असे नियम संगणकाला देऊन पक्षाची कोणतीही माहिती न देता त्यांनी चोवीस हजारांहून अधिक नकाशे काढले. मग प्रत्येक नकाशावर प्रत्यक्ष पडलेली केंद्रनिहाय मतं मांडली. दहा-तीन हा निकाल एक टक्क्याहूनही कमी नकाशांत आला.

हा पुरावा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. जून २०१९ मध्ये पाच विरुद्ध चार अशा निकालाने न्यायालय म्हणालं की पक्षीय फायद्यासाठी आखलेल्या हद्दींचा निवाडा करणं संघीय न्यायालयांचं काम नाही. त्याच निकालात मेरीलँडचंही प्रकरण होतं, आणि तिथला नकाशा डेमोक्रॅटांनी आपल्या फायद्यासाठी काढला होता. पेन ज्याच्या हातात, तो वापरतो. इथे पेन राज्याच्या विधिमंडळाकडे आहे आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या राज्यपालांना या नकाशावर नकाराधिकारही नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये तर जनगणनेची वाटही न बघता पहिल्या मतदारसंघाच्या हद्दी पुन्हा हलवल्या गेल्या.

आता आपल्याकडचं. ओळखीच्यांत हा विषय काढला की चेन्नईचा माझा सहकारी लगेच म्हणतो, “आम्ही लोकसंख्या आटोक्यात ठेवली, म्हणून आमच्या जागा कमी होणार.” त्याची भीती खरी आहे. १९७६ पासून लोकसभेच्या राज्यवार जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या होत्या आणि २००१ मध्ये ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली गेली. पण कोणत्या राज्याला किती जागा हा एक प्रश्न, आणि राज्याच्या आत रेषा कुठून जाणार हा दुसरा. आपल्या चर्चेत पहिल्याचा आवाज इतका मोठा आहे की दुसरा ऐकूच येत नाही.

दुसऱ्या प्रश्नात आपली बाजू अमेरिकेपेक्षा चांगली आहे, असं मी इथे राहून म्हणतो. लोकसभा-विधानसभेच्या हद्दी विधिमंडळ नाही, परिसीमन आयोग आखतो. खासदार-आमदार त्यात सहयोगी सदस्य असतात, पण त्यांना मताधिकार नसतो. मात्र आयोगाच्या आदेशाला न्यायालयात आव्हान देण्याची वाट फारच अरुंद आहे. म्हणून आयोगात कोण बसतं आणि कोणते निकष लावतं यावर सगळं येऊन ठेपतं. २०२२ मध्ये जम्मू-काश्मीर विधानसभेच्या जागा ८३ वरून ९० झाल्या, त्यातल्या सहा जम्मूला आणि एक काश्मीर खोऱ्याला. त्यावरचा वाद अजून मिटलेला नाही.

खरी काळजी मला महापालिकांची वाटते. पुतण्याने मध्येच स्वतःच्या प्रभागाचं गाऱ्हाणं काढलं, की नाल्यापलीकडची वस्ती आमच्यात का घातली. मी त्याला म्हटलं, नाला राहू दे, संख्या बघ. पुण्यात २०१२ साली दोन सदस्यांचा प्रभाग होता, २०१७ साली चारचा. २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने तीनचा ठरवला, २०२२ मध्ये नव्या सरकारने पुन्हा चारचा केला. सरकार बदललं की आकडा बदलला. त्याच वर्षी मार्चमध्ये प्रभाग रचनेचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून राज्य सरकारकडे घेणारा कायदा विधिमंडळाने केला, तोही एकमताने.

या आकड्यात रेषेइतकीच ताकद आहे. चार सदस्यांच्या प्रभागात मतदार चार जागांसाठी चार मतं देतो. एका पक्षाला चाळीस टक्के, दुसऱ्याला पस्तीस, तिसऱ्याला पंचवीस टक्के पाठिंबा असेल आणि लोकांनी पूर्ण पॅनेलला मत दिलं, तर चाळीसवाल्याला चारही जागा मिळतात. तोच प्रभाग चार वॉर्डांत विभागला असता तर पस्तीसवाल्याने आपल्या जोराच्या भागात एखादी जागा काढली असती, आणि एका वस्तीत जम असलेला अपक्षही निवडून आला असता. अमेरिकी संसदेसाठी आज एका राज्यातल्या मतदारसंघांची लोकसंख्या जवळजवळ शेवटच्या माणसापर्यंत सारखी ठेवतात. आपल्याकडे प्रभागाची लोकसंख्या सरासरीहून दहा टक्के कमी-जास्त चालते. पण लोकसंख्या सारखी असणं हे निष्पक्षपणाचं प्रमाणपत्र नाही, हे दहा-तीनने दाखवलंच.

हरकती-सूचनांच्या काळात लोक नाल्याबद्दल आणि रस्त्याबद्दल लिहितात. माझी मागणी वेगळी आहे. प्रारूप रचना नुसती चित्र म्हणून लावू नका, संगणकाला वाचता येईल अशा रूपात द्या, आणि सोबत मागच्या निवडणुकीची केंद्रनिहाय मतं द्या. मग कोणत्याही महाविद्यालयातल्या मुलांना हजारो पर्यायी रचना काढून पडताळता येईल. आणि प्रभाग किती सदस्यांचा, हे निवडणुकीच्या तोंडावर सरकारने ठरवू नये. ते कायद्यात एकदाच लिहावं.

पुतण्याला पहिली मागणी पटली नाही. तो म्हणाला, “केंद्रनिहाय मतं हाती आली की नकाशा वाकवणाऱ्यांचंच काम सोपं होईल.” मी म्हटलं, त्यांच्याकडे ती आधीपासूनच आहेत, नाहीत ती फक्त तुझ्याकडे. शेजारणीला विचारलं तर त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. आखणाऱ्याने मतं पाहूच नयेत, आखून झाल्यावर तपासणाऱ्याने मात्र पाहावीत, असं त्या म्हणाल्या. पण आखणारा आणि तपासणारा खरोखर वेगळे कसे ठेवायचे, यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.