नगण्य

परवानगीच्या कार्यालयातून तिसरं पत्र आलं, तेव्हा मी आधी पानाची मागची बाजू पाहिली. कोरी होती. शंका एकच: ‘कॉलम सी-7 लगत स्लॅबमध्ये नवी डक्ट दिसते. पंचिंग शिअर तपासले आहे काय?’

शंका रास्तच होती. बीम नसलेला स्लॅब थेट कॉलमवर टेकला, की ताणून धरलेल्या कागदातून पेन्सिल आरपार जावी तसा कॉलम त्यातून वर घुसू पाहतो. त्याला अडवतो कॉलमभोवतीचा स्लॅबचा घेर. तिथेच प्लंबरने भोक मागितलं होतं.

गणित मी हातानेच केलं. कॉलम 400 बाय 400, स्लॅबची प्रभावी खोली 190, म्हणून घेर 2360 मिलिमीटर. डक्ट 300 रुंद आणि कॉलमच्या कडेपासून 300 वर. कॉलमच्या मध्यातून डक्टच्या दोन्ही कोपऱ्यांना रेषा काढल्या, त्यांच्या मधला 177 मिलिमीटर घेर गेला असं धरलं. मोमेंटची वाढ धरून भार 500 किलोन्यूटन. ताण 1.12 वरून 1.21 वर गेला; आमच्या एम-30 काँक्रीटला मर्यादा 1.37. झालं की!

पण ज्युनिअर उत्साही. म्हणाला, “सर, अख्खं मॉडेल पुन्हा रन करून चारशे पानांचं आउटपुट जोडूया, छाप पडेल.” छाप पडेल, पण कुणावर? मधल्या काळात सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलली होती. प्रत्येक आकडा दुसऱ्या दशांशात हलला असता आणि वाऱ्याच्या भारापासून सगळं नव्याने सुरू झालं असतं. हातच्या गणिताचं एक पान आणि बदलाभोवती ढगाची खूण केलेलं एक ड्रॉइंग, एवढंच जोडायचं ठरलं.

मग त्याने मसुद्यात शेवटी लिहिलं: ‘पायावरील भारात नगण्य फरक पडतो.’ माझ्या पोटात गोळा आला. मातीची धारणक्षमता दोन पत्रं आणि एक बोअरहोल खर्चून मान्य झाली होती. ‘नगण्य’ वाचल्यावर कोण विचारणार नाही, नगण्य म्हणजे किती? मी गणून पाहिलं: भोकामुळे काँक्रीट उलट अर्धा किलोन्यूटन कमीच झालं होतं. भार वाढला असता, तर पायाचा विषय मीच उघडला असता. तिथे लपवाछपवी चालत नाही. वाढला नव्हता, म्हणून तो शब्द खोडला आणि लिहिलं: ‘पायावरील भार मान्य भारापेक्षा वाढत नाही. इतर मान्य गृहीतकांत बदल नाही.’

दुसरं वाक्य मला इतकं आवडलं की ज्युनिअरला दोनदा वाचून दाखवलं.

आठवड्याने उत्तर आलं. पंचिंग शिअर मान्य. खाली एक ओळ: ‘इतर मान्य गृहीतके कोणती, त्यांची यादी गणनेसह सादर करावी.’

ज्युनिअर काही बोलला नाही. त्याने मुकाट्याने मॉडेल उघडलं.